चेहरा लक्षात राहत नाही, तेव्हा नेमकं काय होत असतं

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे, सांगलीत एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. दिसायला अगदी साधी. कुरूप म्हणावं अशी नाही, पण कुणी दुसऱ्यांदा वळून बघेल अशीही नाही. ऑफिसचा डबा-ग्रुप असो, भिशी असो की शाळेच्या मैत्रिणींचं गेट-टुगेदर असो, मी असून नसल्यासारखी असते. मी काही बोलले तर कुणी ऐकत नाही, आणि तेच दोन मिनिटांनी दुसरी बोलली की सगळ्या हसतात. फोटो काढायचा झाला की मोबाइल माझ्या हातात येतो. परवा तर तीन वेळा भेटलेल्या एका माणसाने विचारलं, "आपण पहिल्यांदाच भेटतोय ना?" ताई, मी दिसण्यावर काही करू, की स्वभाव बदलू?

उत्तर : दिसण्याला काही महत्त्व नसतं, मन सुंदर पाहिजे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आत्या-मावश्यांनी ते पुष्कळदा सांगून झालं असेल, आणि त्याच आत्या-मावश्या स्थळ बघायला बसल्या की आधी फोटो मागतात. देखण्या माणसाला अनोळखी लोक जास्त चांगलं समजतात, हे १९७२ साली डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर या तिघींनी अमेरिकेत दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना नुसते फोटो दाखवले होते, तरी देखण्या चेहऱ्यांना जास्त प्रेमळ, जास्त यशस्वी, जास्त सुखी ठरवलं गेलं. तेव्हा तुम्हाला जे जाणवतं त्याला काही आधारच नाही, असं नाही. फक्त तो प्रयोग अनोळखी लोकांच्या फोटोंचा होता. डबा-ग्रुपमधल्या बायका तुम्हाला रोज बघतात. तिथे वेगळं काहीतरी चाललेलं असतं.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टींवर तुम्ही एकच लेबल चिकटवलं आहे. माझ्या मते त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून त्या सोडवून बघू.

आधी तो माणूस. इथे तुमच्या चेहऱ्याचा संबंध खरंच असू शकतो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. चेहरे लक्षात राहण्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. त्यातून दिसतं की सर्वसाधारण ठेवणीचे चेहरे लक्षात ठेवायला अवघड जातात आणि वेगळेपणा असलेले चेहरे पटकन ओळखू येतात. हा वेगळेपणा म्हणजे सौंदर्य नव्हे. मोठं नाक, गालावरचा तीळ, पुढे आलेले दात, काहीही चालतं. उलट १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन यांनी अनेक चेहरे संगणकावर एकत्र करून सरासरी चेहरा तयार केला, तेव्हा तो बहुतेक मूळ चेहऱ्यांपेक्षा लोकांना जास्त आवडला. म्हणजे चेहरा सुबक असूनही विसरला जाऊ शकतो. त्या गृहस्थांनी तुम्हाला नापास केलेलं नाही. त्यांच्या डोक्यात तुमची नोंदच नीट झाली नाही, आणि ती करून देणं तुमच्या हातात आहे. भेटल्यावर नुसतं हसून न थांबता नाव आणि एखादी पकडता येणारी गोष्ट सांगा, "मी अमुक, विश्रामबागेत राहते, तुमच्या भाचीच्या बारशाला आपण एकाच पंगतीत होतो." तीन भेटींत तुम्ही असं काही बोलला होतात का, हे आठवून बघा. बहुधा नाही, कारण ज्याला आपण विसरले जाणार असं वाटतं तो माणूस ओळख द्यायलाच जात नाही.

दुसरी गोष्ट, तुमचं वाक्य वाया जातं आणि दुसरीचं चालतं. यात चेहऱ्याचा भाग फार थोडा असतो. वेळ, आवाज आणि नजर यांचा मोठा. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. निरनिराळ्या खंडांतल्या दहा भाषांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजलेलं आहे. मराठी त्यात नव्हती, पण आपल्याकडे दोघी एकदम बोलतात तो भाग धरला तर आपण काही निवांत नाही. आता जी बाई मनात वाक्य जुळवते, ते बरोबर आहे ना हे तपासते, सगळे शांत व्हायची वाट बघते आणि मग तोंड उघडते, तिला जागा मिळणारच कशी? तिचं वाक्य विषय पुढे गेल्यावर येतं. त्यातही पहिले दोन शब्द हळू येतात, कारण आवाज अंदाज घेत असतो. ऐकणाऱ्यांपर्यंत फक्त शेपूट पोहोचतं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मात्र ते पूर्ण ऐकू आलेलं असतं. तिला ते आवडतं, ती मोठ्याने म्हणते आणि सगळ्या हसतात. तिने चोरलं असंही नसतं. बऱ्याचदा आपण ते कुठे ऐकलं हे तिलाही माहीत नसतं.

शिवाय एक साधी मर्यादा आहे. चारपेक्षा जास्त माणसं जमली की गप्पांचं एकच वर्तुळ फार वेळ टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात. भिशीला बारा जणी असल्या तर तिथे एक ग्रुप नसतोच, तीन-चार असतात आणि ते सारखे बदलत असतात. दोन तुकड्यांच्या मधल्या खुर्चीवर बसलेली बाई दोन्हीकडून बाहेर राहते. तुम्ही साधारण कुठे बसता? दाराजवळ, कडेला, वाढायला सोपं पडतं म्हणून स्वयंपाकघराच्या तोंडाशी?

तिसरी गोष्ट फोटोची. मला एकच विचारायचं आहे. मोबाइल हातात दिला जातो, की "थांबा, मी काढते" असं आधी तुम्ही म्हणता? माझ्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांना मी हा प्रश्न विचारला की बरेच जण थोडं थांबतात. फोटोत आपण वाईट दिसणार म्हणून आपण कॅमेऱ्यामागे जायचं, चार वेळा गेल्यावर इतरांना ती आपली आवड वाटायची, आणि पाचव्या वेळी त्यांनी न विचारता मोबाइल दिला की तो अपमान वाटायचा.

आम्ही याला बचावाच्या सवयी म्हणतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात या सवयी मध्यभागी आहेत. माणूस चारचौघांत गेला की त्याचं लक्ष समोरच्यांवरून सुटतं आणि आत वळतं. मी कशी दिसतेय, चेहरा ओढलेला तर नाही ना, मी गप्प बसलेय हे त्यांना कळतंय का. त्या वेळी तो स्वतःला जणू बाहेरून बघत असतो. हे चित्र आरशातलं नसतं, भीतीने काढलेलं असतं. त्या चित्रापासून वाचण्यासाठी तो काही गोष्टी करतो. कमी बोलतो, मान खाली घालतो, मोबाइल बघतो, उशिरा जातो, लवकर निघतो, कामात हात घालतो. त्याला वाटतं यामुळे लाज वाचली. प्रत्यक्षात यामुळेच तो दिसेनासा होतो.

आता तुम्ही म्हणाल, "पण ताई, लोकांची नजर माझ्यावरून सरकते हे मी स्वतः बघते." यावर एक प्रयोग सांगते. १९८० मध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी काही स्त्रियांच्या गालावर मेकअपने मोठा व्रण काढला, आरशात दाखवला आणि मग अनोळखी व्यक्तीशी बोलायला पाठवलं. जाण्याआधी व्रण पक्का करायचा म्हणून त्यावर क्रीम लावलं, आणि ते लावता लावता व्रण गुपचूप पुसून टाकला. त्यांना हे माहीत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, व्रणामुळे तिचं वागणं बदललं होतं. गालावर तर काहीच नव्हतं. समोरचा माणूस बोलताना इकडेतिकडे बघतोच, सगळेच बघतात. पण आपण त्याचं कारण आधीच ठरवलेलं असलं की त्या प्रत्येक हालचालीला पुरावा म्हणून नोंदवायला सोपं जातं.

हे ऐकून कुणी बरं होत नाही, म्हणून एक उदाहरण तपशिलात सांगते. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत. मिरजेकडचा एक तिशीच्या आतला मुलगा, दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघायचा आणि संध्याकाळी एका हौशी नाटक मंडळात प्रकाशयोजनेला मदत करायचा. सांगलीत नाटकवेडी मंडळी कमी नाहीत. तालीम संपली की चहाच्या गाड्यावर सगळे थांबत आणि हा कडेला उभा. सावळा, किरकोळ, चेहऱ्यावर जुन्या मुरमांचे डाग. त्याचं म्हणणं, "मी लाइट लावतो म्हणून ते दिसतात, मी मात्र कुणाला दिसत नाही." वाक्य छान होतं. तयार केलेलं होतं हेही उघड होतं.

पहिल्या बैठकांत आम्ही फक्त यादी केली, चहाच्या गाड्यावर तो नेमकं काय काय करतो याची. गोल उभा राहिला की तो अर्धं पाऊल मागे. कप दोन्ही हातांनी तोंडासमोर. डागाची बाजू भिंतीकडे. बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा. कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर, म्हणजे लक्ष आपल्यावर जास्त वेळ राहणार नाही. आणि कप संपला की पहिला निघणार.

मग क्लिनिकमध्येच प्रयोग केला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीशी त्याने पाच मिनिटं बोलायचं, दोन वेळा. पहिल्यांदा या सगळ्या सवयी मुद्दाम ठेवून आणि लक्ष स्वतःवर ठेवून. दुसऱ्यांदा सवयी सोडून आणि लक्ष तिच्या बोलण्यावर ठेवून. दोन्ही वेळा व्हिडिओ घेतला. प्रत्येक खेपेनंतर त्याने शून्य ते शंभरात आकडे द्यायचे, किती अवघडलो, किती विचित्र दिसलो, ती किती कंटाळली असेल. दुसऱ्या बाजूला त्या मुलीनेही लिहायचं. पहिल्या खेपेला त्याने "विचित्र दिसलो" याला ८० दिले, दुसऱ्या खेपेला ४५. दुसऱ्यांदा भीती जास्त वाटेल असं त्याला वाटलं होतं. ती कमी वाटली, कारण स्वतःवर पहारा ठेवणं हेच सगळ्यात दमवणारं काम असतं.

त्या मुलीने पहिल्या खेपेबद्दल जे लिहिलं ते मी त्याला वाचून दाखवलं. "त्यांना माझ्याशी बोलायचं नाही असं वाटलं. कुठेतरी जायची घाई असावी." डागांबद्दल अक्षर नाही. मी नंतर मुद्दाम विचारलं तेव्हा ती म्हणाली, हो, डाग दिसले, सुरुवातीला. त्याला वाटत होतं तो बिचारा दिसतो. समोरच्याला तो शिष्ट दिसत होता. दिसण्याने न्यूनगंड आलेल्या माणसांच्या बाबतीत हे मी सारखं बघते. त्यांना लोक नाकारत नाहीत, लोकांना वाटतं यांनीच आपल्याला नाकारलं.

व्हिडिओ दाखवताना एक काळजी घ्यावी लागते. नुसता दाखवला तर माणूस स्वतःचे डागच बघतो आणि आणखी खचतो. म्हणून आधी त्याला डोळे मिटून सांगायला लावलं की पडद्यावर काय दिसेल, आवाज कसा, हात किती थरथरत असतील, किती वेळ शांतता असेल. ते लिहून घेतलं. मग सांगितलं, आता हा माणूस तुझ्या ओळखीचा नाही असं समजून बघ, काय वाटतं ते आठवू नको, काय दिसतं तेवढंच बघ. त्याच्या हिशेबात एका ठिकाणी "खूप लांब" शांतता होती. घड्याळ लावल्यावर ती तीन सेकंदांची निघाली.

त्यानंतर चहाचा गाडा. पहिल्या आठवड्यात एकच काम, अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं आणि कप छातीच्या खाली धरायचा. बोलायचं नाही. लक्ष कुठे ठेवायचं तेही ठरवलं, बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द पकडायचा. पुढच्या आठवड्यात त्या शेवटच्या शब्दावर एक प्रश्न विचारायचा, स्वतःचं मत नाही. कुणी म्हणालं "दुसऱ्या अंकात एंट्रीला गोंधळ झाला" की "एंट्रीला म्हणजे दाराजवळ का?" एवढंच. समोरच्याच्या बोलण्यातून निघालेला प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात, हे २०१७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी संभाषणं तपासून दाखवलं आहे. पण मला यातला दुसरा फायदा मोठा वाटतो. ज्याला आपण विचारतो तो उत्तर देताना आपल्याकडे बघतो, आणि बोलणारा ज्याच्याकडे बघतो त्याची पुढची पाळी आपोआप येते. तिसऱ्या टप्प्यात मत. मात्र पहिला शब्द समोरच्याचं नाव, आणि तो पूर्ण आवाजात. नाव घेतलं की सगळ्यांचे कान वळतात, मग पुढचं वाक्य थोडं अडखळलं तरी चालतं.

मध्ये एकदा गाडी घसरली. तो जोशात आला, प्रत्येक विषयात बोलायला लागला, दुसऱ्यांची वाक्यं तोडायला लागला, विनोद पेरायला लागला. एकाने "आज काय घेऊन आलास रे" म्हटल्यावर पुन्हा आठवडाभर गप्प. ही ठरलेली पायरी असते म्हणा. सारखं बोलत राहणं हीसुद्धा बचावाची सवयच, कारण लक्ष तेव्हाही "मी कसा पडतोय" यावरच असतं. ओळखायची खूण सोपी आहे. घरी आल्यावर इतर काय बोलले ते आठवतं का? फक्त आपलीच वाक्यं आठवत असली तर लक्ष आत होतं.

तीन-चार महिन्यांनी त्या गोलात त्याची जागा झाली होती. तो न आल्यास फोन यायचा. सगळं जमलं असं नाही. मंडळातल्या एका मुलीला त्याच्याबद्दल वाटावं अशी त्याची इच्छा होती, तिला वाटलं नाही. दोघे-तिघे पूर्वीइतकेच कोरडे राहिले. डाग तर तसेच होते.

तुमच्या बाबतीत मी सुरुवात भिशीपासून करणार नाही आणि गेट-टुगेदरपासून तर नाहीच. महिन्यातून किंवा वर्षातून एकदा जमणाऱ्या मोठ्या घोळक्यात पहिल्या छापाचं राज्य असतं, तिथे साध्या चेहऱ्याचा तोटा सगळ्यात जास्त. डबा-ग्रुप रोजचा आहे, तो घ्या. रोजच्या सहवासात चेहऱ्याचं वजन बदलतं, याचे दोन चांगले पुरावे आहेत. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच यांनी साधारण सारख्या दिसणाऱ्या चार तरुणींना एका कॉलेजच्या वर्गात बसवलं. एक एकदाही गेली नाही, बाकीच्या पाच, दहा आणि पंधरा वेळा गेल्या. कुणाशी बोलायचं नाही अशी अट होती. शेवटी विद्यार्थ्यांना फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन गेली ती जास्त आवडली, आणि मुलांना त्या फारशा ओळखूही आल्या नव्हत्या. दुसरा पुरावा ईस्टविक आणि हंट यांचा, २०१४ मधला. नव्या ओळखीत कोण आकर्षक याबद्दल लोकांचं बऱ्यापैकी एकमत असतं, पण ओळख जुनी होते तसं हे एकमत सुटत जातं आणि प्रत्येकाची आवड वेगळी होते. सगळ्यांची एकच पसंती असली की साध्या माणसाचा तोटा. पसंत्या पांगल्या की त्याला जागा मिळते. पण त्यासाठी ओळख जुनी व्हायला हवी, आणि बचावाच्या सवयी नेमकी तीच होऊ देत नाहीत. चार वर्षं एकाच टेबलावर जेवूनही माणूस नवखा राहू शकतो.

तर उद्यापासून डबा खाताना टेबलाच्या टोकाला न बसता लांब बाजूच्या मध्ये बसा. मोबाइल पर्समध्ये. पहिल्या पाच-दहा मिनिटांत काहीतरी बोला, "भाजी कुठली?" एवढंही चालेल, कारण जितका उशीर होतो तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. पंधरा दिवस फक्त बोलणाऱ्याच्या शेवटच्या शब्दावरून निघणारे प्रश्न. तुमचं वाक्य पुन्हा कुणी उचललं तर रुसू नका, त्याच क्षणी हसत म्हणा, "तेच म्हणत होते मी, आणि पुढचं ऐका..." बोलायची पाळी तिथेच तुमच्याकडे परत येते. रात्री वहीत दोन ओळी लिहा, जाण्याआधी काय होईल असं वाटलं होतं आणि कोण काय बोललं. मला कसं वाटलं हे लिहायचं नाही.

दिसण्यावर काही करू का, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आवडत असेल तर जरूर करा. चांगला हेअरकट, अंगाला बसणारा कुर्ता, एखादा ठळक रंग किंवा कायम घालायचं एखादं वेगळं कानातलं यांचा उपयोग होतो, आणि तो मी वर सांगितलेल्या नोंदीसाठी होतो. ज्या मेकअपसाठी दर वीस मिनिटांनी आरसा बघावा लागतो तो मात्र नको. तो लक्ष पुन्हा आत ओढतो. स्वभाव बदलायचं डोक्यातून काढा. कमी बोलणाऱ्या बाया ग्रुपमध्ये व्यवस्थित दिसतात, त्यांची नजर वर असते एवढंच.

दोन ठिकाणी मात्र हे उपाय लावू नका. रंगावरून, दातांवरून किंवा जाडीवरून टोमणे मारणारा ग्रुप असेल तर तिथे तुम्ही न दिसण्याचा प्रश्नच नाही, तिथे तुम्ही नीट दिसता आहात. असा ग्रुप सुधारायच्या भानगडीत न पडता तिथला वेळ कमी करा. दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे. चेहऱ्यातल्या एखाद्या भागाचा विचार रोज तासभर किंवा जास्त होत असेल, आरसा पुन्हापुन्हा बघणं किंवा पूर्ण टाळणं, त्वचेच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, त्यापायी ऑफिस बुडवणं चालू असेल, तर तो स्वरूपाविषयीचा आजार असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं. दोन्हींवर औषधं आणि बोलण्याचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात, पण डबा-ग्रुपच्या प्रयोगांनी ते बरे होत नाहीत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.